पेमेंटची आठवण सौम्य ते ठाम अशी पायऱ्यापायऱ्यांनी कशी लिहावी? माझे सहा मेसेज तपासून द्या

मृण्मयी_नाशिक | १६ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०.४०

नमस्कार मंडळी. मी तांत्रिक भाषांतर करते. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेती अवजारांच्या कंपनीसाठी पेरणी यंत्राचं ८४ पानी माहितीपुस्तक मराठीत करून, पानं लावून दिलं. काम ८ नोव्हेंबरला पोचवलं, १२ नोव्हेंबरला ६८,००० रुपयांचं बिल मेलने पाठवलं. पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, '३० दिवसांत पेमेंट' असं छापलेलं आहे, म्हणजे १२ डिसेंबरला पैसे यायला हवे होते. अजून आलेले नाहीत. कामाबद्दल तक्रार एकही नाही, पुस्तक छापून शेतकऱ्यांच्या हातात गेलंसुद्धा.

ज्या मॅनेजरसाहेबांनी काम दिलं त्यांना मी व्हॉट्सअॅपवर आतापर्यंत असे मेसेज पाठवलेत:

२० डिसेंबर: "नमस्कार सर, पेमेंटचं तेवढं बघाल का?"
२ जानेवारी: "सर, नवीन वर्षाच्या शुभेच्छा! आपलं ते बिल राहिलंय, जमेल तेव्हा बघा."
१३ जानेवारी: "सर, सॉरी, परत त्रास देतेय. पेमेंटचं काही झालं का?"
२४ जानेवारी: "सर, काही अपडेट?"
३ फेब्रुवारी: "सर प्लीज बघा ना, खूप दिवस झाले."
१२ फेब्रुवारी: "सर, आता मात्र मला हे पेमेंट लवकरात लवकर हवंय. असं करणं बरोबर नाही."

पहिल्या पाचांना "हो मॅडम, अकाउंट्सला सांगितलंय", "होऊन जाईल" अशी उत्तरं आली. सहाव्याला उत्तरच नाही. आता मलाच अवघडल्यासारखं झालंय, कारण माणूस चांगला आहे आणि पुढच्या यंत्राचं पुस्तकही माझ्याकडेच येणार आहे. मला हे सगळं नीट चढत्या क्रमाने पुन्हा लिहायचंय. कुठून सुरुवात करू?

रोखठोक | सकाळी ११.०५

ताई, सरळ वकिलाची नोटीस पाठवा. दोन महिने म्हणजे खूप झाले. आणि जीएसटीचा नियम आहे, १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर त्यांना घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. हे एक वाक्य टाका, धावत येतील.

मृण्मयी_नाशिक | सकाळी ११.२०

माझी जीएसटी नोंदणी नाही, उलाढाल तेवढी नाही. बिलात जीएसटी लावलेलाच नाही.

निवृत्त_लेखापाल | दुपारी १२.१५

मग ते कलम इथे लागूच होत नाही. जिथे कर लावला नाही तिथे क्रेडिट कुठलं? रोखठोक, नियम तुम्ही बरोबर सांगितलात, पण या बिलाला तो चालत नाही. चुकीचं कलम एकदा लिहिलं की समोरचा अकाउंटंट पुढचं काहीच मनावर घेत नाही.

मृण्मयीताई, मी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या लेखा विभागात काढली. पुरवठादारांची देणी माझ्याच टेबलावरून जायची, म्हणून तुमचे मेसेज पलीकडून कसे दिसतात ते सांगतो.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा देण्याची यादी निघायची. ज्या बिलांची मुदत टळली ती सगळी त्यात यायची, आणि हातात असलेला पैसा नेहमी त्याहून कमी असायचा. मग साहेब यादीवर टिक करायचे. कोणावर टिक व्हायची? ज्याचं बिल, रक्कम, तारीख माझ्यासमोर तयार असायची आणि ज्याचा पुढचा फोन कधी येणार हे मला माहीत असायचं, त्याच्यावर. "पेमेंटचं बघा" म्हणणारा माणूस मनात राहायचा, पण यादीवर टिक लावायला मनात राहून भागत नाही.

तुमच्या सहाही मेसेजमध्ये बिल क्रमांक नाही, रक्कम नाही, मुदत कधी संपली ते नाही. मॅनेजरने तो मेसेज अकाउंट्सला पुढे ढकलला तरी तिथल्या मुलीला काय कळणार? आणि क्रम बघा. चौथा मेसेज पहिल्यापेक्षाही हलका आहे. पाचवा विनवणीचा आहे. सहाव्यात एकदम राग आलाय, पण त्या रागात मागणी काहीच नाही: किती तारखेपर्यंत हवंय, नाही आलं तर तुम्ही काय करणार, यातलं काही नाही. म्हणून त्यांना उत्तर देता आलं नाही. रागाला उत्तर द्यायचं कसं हे कोणालाच सुचत नाही. तारखेला मात्र उत्तर देता येतं.

एक काम आधी करा. आयकराच्या पोर्टलवरून तुमचं 26AS, म्हणजे तुमच्या नावावर भरलेल्या कराचं पत्रक, उघडून बघा. त्या कंपनीच्या नावाने काही दिसतंय का?

सांगली_केटरिंग | दुपारी १.३०

माझंही असंच झालंय. डिसेंबरातल्या एका लग्नाचे ४० हजार राहिलेत. मुलीचे वडील लांबचे नातेवाईकच निघाले. रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवतो, पैशाचं काढलं की विषय बदलतात. मीपण 26AS बघू का?

निवृत्त_लेखापाल | दुपारी १.५०

नाही हो, घरगुती गिऱ्हाईक तुमचा टीडीएस कापत नाही, त्यामुळे तिथे काही दिसणार नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे. कंपनीत निदान बिल अडकायला टेबलं असतात. तुमच्याकडे एकच माणूस आहे आणि त्याला लाज वाटतेय, म्हणून तो विषय बदलतोय. त्याला हप्ता सुचवा: "या महिन्याच्या २५ ला वीस आणि मार्चच्या २५ ला वीस, चालेल का?" आणि ते गुड मॉर्निंग बंद करा. रोज येणाऱ्या मेसेजची सवय होते, मग पैशाचा मेसेजही त्याच ढिगात जातो.

मृण्मयी_नाशिक | दुपारी ३.१०

काका, बघितलं! कंपनीच्या नावापुढे ३० नोव्हेंबर २०२४ तारीख, रक्कम ६८,०००, कापलेला कर ६,८००, आणि स्थितीच्या रकान्यात F आहे. म्हणजे त्यांनी माझा टीडीएस नोव्हेंबरमध्येच कापून भरलाय?

निवृत्त_लेखापाल | दुपारी ३.४०

हो. F म्हणजे नोंद पक्की. टीडीएस पैसे देताना किंवा खर्च वहीत टाकताना, जे आधी होईल तेव्हा कापतात. तुम्हाला पैसे मिळाले नाहीत, म्हणजे खर्च वहीत टाकताना कापलाय. नोंद आत्ताच दिसतेय, कारण ऑक्टोबर ते डिसेंबरचं त्यांचं टीडीएसचं विवरण जानेवारीअखेर जातं. याचा अर्थ तुमचं बिल पोचलं, मंजूर झालं, वहीत चढलं. 'बिल मिळालं नाही', 'पीओ जुळत नाही' ही दोन्ही कारणं आता उरली नाहीत. अडकलाय तो फक्त पैसा सोडण्याचा टप्पा. आणि तुमची येणं रक्कम आता ६८,००० नाही, ६१,२०० आहे. मेलमध्ये हाच आकडा लिहा. मोठा आकडा लिहिलात तर अकाउंट्सची मुलगी आधी तोच दुरुस्त करायला बसेल आणि आठवडा जाईल.

ही नोंद दिसली नसती तर माझा सल्ला उलटा असता. तेव्हा बिल मॅनेजरच्याच मेलबॉक्समध्ये पडून आहे असं धरलं असतं, आणि पहिला मेल फक्त "बिल कोणाकडे आहे, कोणता कागद कमी आहे" एवढंच विचारणारा लिहायला लावला असता.

भोसरीकर | दुपारी ४.२५

मी वीस वर्षं जॉबवर्क करतोय. लिहून काही होत नाही, फोन करा आणि जाऊन बसा. पुढचं काम थांबवलं की दोन दिवसांत पैसे येतात.

मृण्मयी_नाशिक | दुपारी ४.४०

दादा, पुढचं काम अजून सुरूच झालेलं नाही. शिवाय मी एकटी आहे, दर आठवड्याला जाऊन बसणं मला जमणार नाही.

भोसरीकर | दुपारी ४.५५

जमत नसेल तर नका जाऊ. पण फोन कराच. फोनवर जे बोलणं होईल ते लगेच दोन ओळींत मेलने पाठवा: "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे अमुक तारखेला रक्कम येईल." आमच्याकडे सगळं याच्यावरच चालतं. नुसत्या फोनचं पुढे कोणी नाव घेत नाही.

निवृत्त_लेखापाल | संध्याकाळी ६.१०

भोसरीकरांचं हे शेवटचं सोळा आणे खरं.

आता पायऱ्या. नव्या बिलासाठी मी सुरुवात मुदतीच्या पाच दिवस आधी करेन: बिल लावलंय ना, काही कागद हवाय का. मुदतीनंतर तिसऱ्या दिवशी पहिली आठवण, नजरचुकीने राहिलं असेल असं धरून. बाराव्या दिवसाच्या आसपास दुसरी, थेट अकाउंट्सला, आणि त्यात तारीख मागायची. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तिसरी, त्यांनी दिलेल्या तारखेचं काय झालं ते विचारणारी, वरच्या साहेबांना प्रत जोडून. चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवशी शेवटची. दिवस मागेपुढे झाले तरी हरकत नाही. पण प्रत्येक पायरीला काहीतरी बदललं पाहिजे: वाचणारा माणूस, विचारलेला प्रश्न किंवा तुम्ही पुढे काय करणार ते. तेच वाक्य पुन्हा पाठवणं ही पायरी नव्हे. आणि एकदा वर चढलात की खाली उतरायचं नाही.

तुमची अडचण अशी की सहा मेसेज आधीच गेलेत. आता एकदम पंचेचाळिसाव्या दिवसाचा मेल टाकलात तर अकाउंट्सला तो पहिलाच दिसेल आणि त्यांना वाटेल, ही बाई अचानक भांडायला का आली? आणि पुन्हा "तेवढं बघाल का" म्हणालात तर मॅनेजरला कळेल की सहाव्या मेसेजमागे काही नव्हतं. म्हणून मधला मेल, तिसऱ्या नव्हे, दुसऱ्या पायरीचा. जुन्या मेसेजबद्दल त्यात एक अक्षर नको. मसुदा देतो, मॅनेजर आणि अकाउंट्स दोघांच्याही नावे:

"विषय: बिल क्र. ०१७, दि. १२ नोव्हेंबर २०२४, रु. ६१,२०० येणे

नमस्कार. पेरणी यंत्राच्या माहितीपुस्तकाचे वरील बिल पीओप्रमाणे १२ डिसेंबरला देय होते. आपण या बिलावर ६,८०० रुपये टीडीएस कापून भरल्याची नोंद माझ्या 26AS मध्ये दिसते, म्हणजे बिल आपल्याकडे मंजूर आहे. उरलेली ६१,२०० रुपये ही रक्कम माझ्या खात्यात अजून जमा झालेली नाही. ती कोणत्या तारखेच्या यादीत घेतली आहे, हे गुरुवार २० फेब्रुवारीपर्यंत कळवावे. बिल, पीओ आणि बँक तपशील सोबत पुन्हा जोडले आहेत."

एवढंच.

अनुस्वार | संध्याकाळी ७.००

मला या मसुद्यातली भाषा फार आवडली, आणि ती का चालते ते सांगावंसं वाटतं. मूळ मेसेजमध्ये 'तेवढं', 'जमेल तेव्हा', 'सॉरी' आणि 'बघा ना' असे चार शब्द होते, आणि चौघेही मागणी लहान करत होते. 'तेवढं' म्हटलं की रक्कम किरकोळ होते. 'जमेल तेव्हा' म्हटलं की पीओवरची मुदत आपणच मोडतो. सॉरी म्हणजे चूक मागणाऱ्याची.

काकांनी ते शब्द काढले, पण त्यांच्या जागी एकही कडक शब्द घातला नाही. "तुम्ही पैसे दिले नाहीत" असं न म्हणता "रक्कम जमा झालेली नाही" म्हटलं. मराठीत ही सोय छान आहे, कर्ता गाळला की समोरच्याची अब्रू राखली जाते आणि गोष्ट मात्र जशीच्या तशी उभी राहते. पायऱ्या चढताना हेच क्रियापद बदलत न्यायचं. पहिल्यांदा "जमा झालेली दिसत नाही, कळवाल का". मग "जमा झालेली नाही, कळवावे". तिसऱ्या पायरीवर कर्ता येऊ द्यायचा: "आपण अमुक तारीख दिली होती, त्या तारखेला रक्कम आली नाही." आणि शेवटी स्वतःबद्दल: "मी अमुक करणार आहे." तिथे "मला नाइलाजाने करावं लागेल" नको. त्यात आपली माघार आधीच लिहिलेली असते.

रोखठोक | संध्याकाळी ७.२०

पण हे मराठीत पाठवायचं? अकाउंट्सला इंग्रजी मेल गेला की वजन पडतं.

अनुस्वार | संध्याकाळी ७.३५

मराठी पुस्तक करून घेणाऱ्या कंपनीला मराठी मेल कळतो. वजन बिल क्रमांकाचं असतं.

निवृत्त_लेखापाल | संध्याकाळी ७.५०

मी दोघांच्या मध्ये आहे. आमच्याकडे मंजुरी देणारे साहेब मराठी वाचत नसत, तेव्हा इंग्रजी मेलच पुढे सरकायचा. तिथे वाचणारा कोण आहे, त्यावर ठरवा.

ताळेबंद | रात्री ९.१५

मी सीए आहे. मसुदा उत्तम. दोन दुरुस्त्या. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी आहे, म्हणून उत्तराची तारीख शुक्रवार २१ करा. सुट्टीला लागून दिलेली तारीख चुकतेच, आणि मग ती चुकली म्हणून तुम्हाला उगाच एक पायरी चढावी लागते.

दुसरं, मृण्मयी, तुमची उद्यम नोंदणी आहे का?

मृण्मयी_नाशिक | रात्री ९.३०

आहे. २०२२ मध्ये कर्जासाठी काढली होती, सूक्ष्म उद्योग म्हणून. बिलावर कधी लिहिली नाही.

ताळेबंद | रात्री १०.०५

मग तुमच्या हातात बरंच काही आहे, फक्त ते पहिल्याच मेलमध्ये ओतू नका.

२००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ठरलेली मुदतही ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट या फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० टक्के आहे, म्हणजे साडेएकोणीस टक्के. तुमच्या ६१,२०० वर महिन्याला साधारण हजार रुपये.

पण कंपनीच्या अकाउंट्सला जास्त टोचेल ते आयकराचं कलम ४३बी (एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं या मुदतीबाहेर गेलं आणि ३१ मार्चलाही बाकीच राहिलं, तर तो खर्च त्यांना या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. वजावट बुडत नाही, पुढे जाते. तरी ६८,००० च्या खर्चाच्या साधारण चौथ्या हिस्स्याइतका कर या वर्षी जास्त भरावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक अकाउंटंट अशा बिलांची यादी करत असतो. तुमचं नाव त्या यादीत नाही, कारण तुम्ही उद्यम नोंदणीचं सांगितलेलंच नाही. म्हणून उद्याच्या मेलमध्ये प्रमाणपत्र फक्त जोडा: "माझे उद्यम नोंदणी प्रमाणपत्र आपल्या नोंदीसाठी सोबत आहे." कलमाचा उल्लेख नको. ज्याला कळायचं त्याला कळतं.

भोसरीकर | रात्री १०.४०

मी मटेरियल आणून विकतो तेही थोडं आहे. त्याला चालेल का?

ताळेबंद | रात्री १०.५०

जॉबवर्कला चालेल. निव्वळ खरेदी-विक्रीला नाही. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जासाठी धरतात. आणि ज्यांची नोंदणी काम झाल्यावर काढलेली आहे त्यांना मागच्या बिलासाठी या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या परिषदेकडे जाता येतं का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी गेल्याच महिन्यात तो मोठ्या पीठाकडे पाठवलाय. मृण्मयींची नोंदणी आधीची असल्याने त्यांना ती अडचण नाही.

म्युनिकवासी | १७ फेब्रुवारी, पहाटे २.२०

इकडे जर्मनीत मी स्वतंत्र डिझायनर आहे. इथे या पायऱ्यांना नावंच आहेत. पहिलं पत्र 'आठवण', मग पहिली 'मानुंग', मग दुसरी, मग शेवटची. कायद्याला इतक्या पायऱ्या लागत नाहीत. कंपन्यांमध्ये बिल मिळाल्यावर आणि मुदत झाल्यावर ३० दिवसांनी देणेकरी आपोआप चुकार ठरतो, आणि ४० युरो ठोक खर्च मागता येतो. तरी सगळे पायऱ्या पाळतात. त्यामुळे दुसरी मानुंग आली की अकाउंट्सला कळतं, आता एकच उरली. आपल्याकडे अशी नावं नाहीत, म्हणून विषयाच्या ओळीतच 'दुसरी आठवण', 'अंतिम आठवण' असं लिहायला काय हरकत आहे?

निवृत्त_लेखापाल | सकाळी ८.३०

अतिशय चांगली सूचना. फक्त 'अंतिम' हा शब्द एकदाच वापरायचा. माझ्या टेबलावर एकाच माणसाच्या चार 'अंतिम' सूचना आलेल्या मी पाहिल्यात, आणि पाचवीची आम्ही शांतपणे वाट बघायचो.

मृण्मयी_नाशिक | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.५०

सोमवारी मेल पाठवला. आज अकाउंट्सकडून दोन ओळींचं उत्तर आलं: "उद्यम प्रमाणपत्र नोंदवले. आपले बिल २८ फेब्रुवारीच्या यादीत घेत आहोत." दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तारीख दिली. मी "धन्यवाद, २८ फेब्रुवारी नोंदवून ठेवते" एवढंच लिहिलं. मॅनेजरसाहेबांचाही फोन आला, चिडलेले नव्हते. म्हणाले, "मॅडम, असा मेल आधी दिला असता तर मलाही पुढे पाठवायला सोपं गेलं असतं." हे ऐकून फार बरं वाटलं.

मृण्मयी_नाशिक | ३ मार्च, सकाळी १०.१५

२८ ला पैसे आले नाहीत. शनिवार-रविवार थांबले, आज सकाळीही खात्यात काही नाही. तिसऱ्या पायरीचा मेल लिहिलाय. वरिष्ठांना प्रत जोडू का, याचीच धाकधूक आहे.

"विषय: दुसरी आठवण, बिल क्र. ०१७, रु. ६१,२०० येणे

नमस्कार. आपल्या २१ फेब्रुवारीच्या मेलमध्ये हे बिल २८ फेब्रुवारीच्या यादीत घेतल्याचे कळवले होते. त्या तारखेला रक्कम आली नाही. मुदत संपून आज ८१ दिवस झाले आहेत. शुक्रवार ७ मार्चपर्यंत रक्कम जमा करावी. काही अडचण असल्यास त्याआधी फोन करावा, मी उपलब्ध आहे. ७ मार्चपर्यंत रक्कम न आल्यास सोमवारी १० मार्चला मी हा विषय वित्त प्रमुखांकडे लेखी नेणार आहे."

निवृत्त_लेखापाल | सकाळी १०.५०

पाठवा. प्रत आत्ता नको. पुढच्या पायरीला कोणाकडे जाणार ते तुम्ही लिहिलंयच, मग ती पायरी त्यांना टाळू द्या. आज प्रत जोडलीत तर १० तारखेला करायला तुमच्याकडे काय उरेल?

ताळेबंद | सकाळी ११.१०

माझं मत वेगळं आहे. मार्च सुरू झालाय, वित्त प्रमुखालाच ३१ तारखेची काळजी जास्त असते. मी आजच प्रत जोडली असती. निर्णय तुमचा.

मृण्मयी_नाशिक | सकाळी ११.३०

काकांचं ऐकते. प्रत न जोडता पाठवला.

मृण्मयी_नाशिक | ७ मार्च, रात्री ८.००

आज ३०,००० रुपये जमा झाले. मेल नाही, फोन नाही, खुलासा नाही. अर्धे आलेत म्हणून आता पुन्हा सौम्य व्हायचं का? मनातून तसं वाटतंय.

निवृत्त_लेखापाल | रात्री ८.४०

सौम्य व्हा, पण पायरी उतरू नका. अर्धी रक्कम पाठवणं म्हणजे बऱ्याचदा यादीत टिक लागली पण पैसा पुरला नाही. कधी कधी मात्र 'आता ही महिनाभर गप्प बसेल' असाही हिशेब असतो. यातलं कोणतं आहे ते उत्तरावरूनच कळेल. आभार माना, उरलेला आकडा लिहा, नवी तारीख द्या, आणि १० तारखेचं जे लिहिलं होतं ते कराच. वित्त प्रमुखांना पाठवा. तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून.

ताळेबंद | रात्री ९.२०

आणि उरलेली रक्कम त्यांच्याकडून लेखी मान्य करून घ्या. "होय, ३१,२०० बाकी आहेत" असं एका ओळीचं उत्तर आलं तरी दाव्याची तीन वर्षांची मुदत तिथून नव्याने मोजता येते. तारीख देताना कॅलेंडर बघा: १४ ला धुळवड, ३० ला रविवारी पाडवा, ३१ ला ईद येण्याची शक्यता. २१ मार्च द्या, आणि शेवटची मुदत काही झालं तरी २८ मार्चच्या पुढे नेऊ नका. ४३बी (एच) चं वाक्य आता लिहायला हरकत नाही. व्याजाचं मात्र शेवटच्या पायरीसाठी ठेवा.

भोसरीकर | रात्री ९.३५

व्याज मागितलं की पुढचं काम गेलं समजा. मी आजवर एकदाही मागितलं नाही.

ताळेबंद | रात्री ९.५०

आणि म्हणून तुमचे पैसे दरवर्षी सगळ्यात शेवटी येतात, दादा. मागायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तो हक्क आहे हे समोरच्याला माहीत असलं पाहिजे.

मृण्मयी_नाशिक | १० मार्च, सकाळी ११.००

हा मेल आत्ता गेला. वित्त प्रमुखांच्या नावे, अकाउंट्स आणि मॅनेजरसाहेबांना प्रत:

"विषय: बिल क्र. ०१७, उरलेली रक्कम रु. ३१,२००

नमस्कार. ७ मार्चला ३०,००० रुपये मिळाले, आभारी आहे. या बिलापोटी आता ३१,२०० रुपये येणे आहेत. हा आकडा आपल्या नोंदींशी जुळतो का ते कृपया कळवावे. मी उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग असल्याने ही रक्कम ३१ मार्चला बाकी राहिल्यास तेवढ्या खर्चाची वजावट आपल्याला या वर्षी मिळणार नाही, हे आपल्या लक्षात असेलच. रक्कम शुक्रवार २१ मार्चपर्यंत जमा करावी. त्या तारखेला न आल्यास २४ मार्चला अंतिम सूचना स्पीड पोस्टने पाठवणार आहे, आणि त्यानंतर समाधान पोर्टलवरून परिषदेकडे अर्ज करणार आहे."

'नाइलाजाने' हा शब्द दोनदा लिहून दोनदा खोडला. स्पीड पोस्टचा मसुदा आजच लिहून ठेवतेय.

सांगली_केटरिंग | सकाळी ११.४५

माझं गिऱ्हाईक हप्त्याला तयार झालं. २५ फेब्रुवारीचे वीस हजार १ मार्चला आले. उरलेल्या विसांसाठी २० मार्चला एक मेसेज टाकू का, की २५ ची वाट बघू?

निवृत्त_लेखापाल | दुपारी १२.०५

२२ ला टाका. "मंगळवारी २५ तारीख आहे, सकाळी खात्यात बघतो." नावाने लिहा, आणि रक्कम आकड्यात.